चौकोनातला मोठा कोन

आमच्या गणित विभागात तिला सगळे रेघबाई म्हणतात. विद्यार्थी पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणतो. फळ्यावर साधा त्रिकोण काढायचा तरी पट्टी लागणारी बाई ही. पट्टी सापडली नाही तर डस्टरची कड लावेल, पण हाताने रेघ ओढणार नाही. बोलणंही तसंच. एकदा नाही म्हणाली की ती काळ्या दगडावरची रेघ. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणजे माझं सगळं आयुष्य ‘साधारणपणे’ आणि ‘बहुतेक’ यांत गेलं. आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत, आणि इतकी वर्षं आम्ही एकमेकांना कसं सहन केलं हे एक कोडंच आहे.

सरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली होती. सर म्हणजे तिचे गुरू आणि आता एका शोधनिबंधातले, आमच्या भाषेत पेपरातले, जोडीदार. निवृत्त होऊनही रोज यायचे, कोपऱ्यातल्या खोलीत बसायचे. बोलता बोलता त्यांचा उजवा हात टेबलावरून घसरला आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. हिने रुग्णवाहिका बोलावली, काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन केला, दवाखान्यात जाऊन आली आणि दुपारचा तास घेतला. तास नीट घेतला, असं मुलं म्हणाली. मला ते ऐकून धडकीच भरली.

तेव्हापासून ती अशीच. डबा उघडायची, संपवायची, काय होतं विचारलं तर आठवायचं नाही. मी म्हटलं, “अगं, रडून तरी घे एकदा.” म्हणाली, “येत नाही रे. दात काढताना इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं झालंय सगळं.” आणि परत संगणकाकडे वळली.

संगणकावर होती आकृती दोन.

आता हे जरा सांगायला हवं, पण घाबरू नका, मलाही कळलेलं आहे. कागदावर बरेच बिंदू घ्या. त्यांतल्या कुठल्याही दोघांमधलं जे सगळ्यात कमी अंतर असेल, तेवढ्या अंतरावर असलेले बिंदू रेघेने जोडा. बाकीचे जोडू नका. झाला तुमचा ग्राफ. बिंदू म्हणजे शिरोबिंदू, रेघा म्हणजे कडा. पहिली पायरी अशी की यातल्या कुठल्याही दोन कडा एकमेकींना छेदत नाहीत. गोष्ट जुनी आहे. पेपरातलं नवं काम या पायरीच्या पुढचं, सर धडधाकट असतानाच दोघांनी लिहून पाठवलेलं. पण ज्या नियतकालिकाकडे तो पाठवला होता, त्याच्या तपासणाऱ्याने कळवलं होतं, बाकी उत्तम, फक्त पहिली पायरी नुसतं ‘उघड आहे’ म्हणून सोडू नका, सिद्धता लिहा, आकृतीसह. ते पत्र झटक्यानंतर आलं. आणि नियतकालिकाचा नियम असा की बदल केलेला मजकूर प्रत्येक लेखकाने पाहून मान्य केला पाहिजे.

विभागप्रमुख मॅडम व्यवहारी बाई. म्हणाल्या, “काकूंची सही घ्या आणि पाठवून द्या. त्यांचं नाव राहील, आपलं काम होईल.”

“सरांनी पाहिल्याशिवाय नाही,” रेघबाई म्हणाली. “त्यांना कळलं तर नाव राहील. नाही कळलं तर नाव काढून खाली आभार मानीन.”

“अहो, चाळीस वर्षं नाव कमावलंय त्यांनी. शेवटच्या पेपरातून काढणार?”

“न वाचलेल्या गोष्टीवर ते कधी नाव घालत नव्हते. मी कशी घालू?”

मला राग आला तिचा. वाटलं, असलं कसलं हे खरेपण, माणूस अंथरुणाला खिळलाय आणि ही परीक्षा घेतेय. बोललोही तसं. ती म्हणाली, “बरं,” आणि पुढे काही नाही. भांडायलाही कुणी समोर असावं लागतं.

अडचण अशी की सरांचं बोलणं गेलं होतं आणि वाचणंही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अक्षरं त्यांना दिसत, पण लागत नव्हती. सुटं एखादं अक्षर कधी ओळखीचं वाटे, ओळ म्हणजे नुसत्या मुंग्या. चित्रं मात्र कळत असावीत. ‘असावीत’ हा शब्द डॉक्टरांचा. म्हणून सिद्धता अशी काढायची की एक अक्षर न वाचता पटली पाहिजे, आणि ती पटली हे सरांनी सांगितलं पाहिजे.

सांगणार कसं? त्याची एक रीत होती आणि ती विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. सरांकडे काम तपासायला नेलं की ते एकेक कागद समोर घेत. चूक असेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण, आणि कागद परत तुमच्याकडे. बरोबर असेल तर शाबासकी वगैरे काही नाही, कागद उचलायचा आणि डाव्या हाताला पालथा ठेवायचा. मग न बघता हात पुढे, पुढचा कागद द्या. आमच्यातले कित्येकजण त्या पालथ्या कागदावर डॉक्टर झाले.

ती टिक्झ नावाच्या संगणकभाषेत आकृत्या काढते. म्हणजे माउसने ओढायचं नाही, लिहायचं. ‘अ’ अमुक ठिकाणी, ‘ब’ तमुक ठिकाणी, ‘अ’पासून ‘ब’पर्यंत रेघ. लिहिलं तेच येतं, एक केसही इकडे-तिकडे नाही. रेघबाईसाठीच कुणीतरी केल्यासारखी वस्तू. पेपरात नावं ए, बी, सी, डी होती, मी अ, ब, क, ड म्हणतो, कुणाचं काही बिघडत नाही.

आकृती एक सोपी होती, नुसता ग्राफ. सरांना दवाखान्यातून घरी आणलं होतं, तिथे गुरुवारी दुपारी माझ्या खटारा गाडीतून आम्ही ती घेऊन गेलो. सर खिडकीशी खुर्चीत, मांडीवर लाकडी फळी, उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. डाव्या हाताशी पेन्सिल. त्यांनी कागद पाहिला आणि डाव्या हाताने, थोडा चुरगळत, पालथा घातला.

मी आनंदाने रेघबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गाडीत म्हणाली, “सवय असेल. हाताला आठवत असेल, डोक्याला नाही.”

काकूंचं मत वेगळं होतं. दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी विजेचं बिल देऊन पाहिलं बरं का. ते सरळ खाली टाकलं.”

मग आकृती दोन. समजा दोन कडा छेदल्या. ‘अब’ आडवी आणि ‘कड’ उभी, दोन्ही सारख्या लांबीच्या, कारण दोन्ही सगळ्यात कमी अंतराच्या. छेदतात तिथे ठिपका द्यायचा नाही. ठिपका म्हणजे शिरोबिंदू, आणि सर वर्गात सांगायचे की ठिपका नाही तिथे कुणी राहत नाही. चारी टोकं जोडली की चौकोन होतो. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ, तेव्हा एक तरी कोन नव्वद किंवा जास्त असणारच. तो ‘अ’पाशी आहे असं धरा. मग ‘क-अ-ड’ या त्रिकोणात सगळ्यात मोठा कोन ‘अ’चा, त्याच्या समोरची बाजू ‘कड’ सगळ्यात लांब. म्हणजे ‘कअ’ तिच्याहून आखूड. पण ‘कड’हून आखूड अंतर असूच शकत नाही, असं आपणच ठरवलं होतं. संपलं. तेव्हा कडा छेदत नाहीत.

तिने उभी कड बरोबर मध्ये छेदली जाईल अशी ठेवली आणि ‘अ’ छेदाच्या जरा जवळ, डावीकडे. म्हणून ‘अ’चा कोन नव्वदच्या थोडा वर गेला. जास्त ताणलं असतं तर चौकोन पतंगासारखा दिसला असता आणि विद्यार्थ्यांना वाटलं असतं की हे पतंगांपुरतंच खरं आहे. ‘अ’पाशी कोनाची कमान आणि कमानीत ‘नव्वद किंवा जास्त’ची खूण. सुरेख आकृती होती. मी तसं म्हणालो.

“पण आकृती एकमध्ये ‘अ’ उजवीकडे आहे,” ती म्हणाली. “हिच्यात डावीकडे. सरांनी नाव कुठे शोधायचं? दोन्हींत एकाच बाजूला हवं.”

आणि तिने ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या जागांची अदलाबदल केली. दोन ओळींतले आकडे इकडचे तिकडे. छापून पाहिलं तर कोनाची कमान भलतीकडेच, चौकोनाच्या बाहेरून मोठा वळसा घालून आलेली. टिक्झचं ते नेहमीचं दुखणं आहे, कोन ज्या क्रमाने सांगाल त्या क्रमाने तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. बाजू बदलली की क्रम उलटा करावा लागतो. तिने ‘ड-अ-क’चं ‘क-अ-ड’ केलं. कमान गुमान आत आली. “झालं,” ती म्हणाली आणि मीही म्हणालो झालं.

गुरुवारी सरांनी ती बराच वेळ पाहिली. मग पेन्सिल उचलली. हात थरथरत होता. कागदावर डावीकडे एक वाकडी रेघ उमटली आणि त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. पालथा नाही.

ती “बरं सर” म्हणाली. घरी जाताना म्हणाली, “रेघा बारीक आहेत. त्यांना दिसत नसतील.”

पुढच्या खेपेला कडा जाड केल्या. परत तसंच, वाकडी रेघ आणि कागद परत. मग अक्षरं मोठी केली. मग ‘कड’ लाल आणि ‘कअ’ निळी केली, म्हणजे आखूड बाजू डोळ्यांत भरावी. मग कोन भरून करड्या रंगाचा केला. दर गुरुवारी नवी आकृती, आणि दर गुरुवारी ती खरडलेली परत. मला हे पालथ्या घड्यावर पाणी वाटायला लागलं होतं, पण तिच्यासमोर तो घडा काढायची माझी हिंमत नव्हती.

एका गुरुवारी सरांनी कागद सरकवला आणि डोळे मिटून घेतले. काकू म्हणाल्या, “दमतात हो. किती दिवस विचारणार त्यांना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, तोच जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी रेघबाईने लेखकांच्या ओळीतून सरांचं नाव काढलं. माझ्यासमोर काढलं. खाली आभाराचं एक वाक्य लिहिलं, ‘यांच्याशी झालेल्या चर्चांबद्दल’ वगैरे. सरांशी तिच्या झालेल्या गोष्टींना चर्चा म्हणायचं म्हणजे आईने जेवायला घातलं त्याला उपाहार म्हणण्यासारखं. मी म्हटलं, “तुला काहीच वाटत नाही का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “वाटायला हवं ते कळतंय. वाटत नाहीये.”

काहीतरी करायचं म्हणून मी तिच्या टेबलावरचे सरांचे परत आलेले कागद गोळा करायला लागलो. रद्दीत टाकावेत म्हणून सारखे केले, कडेला कड लावली. खिडकीतून ऊन येत होतं, गठ्ठा हातात धरला तर वरच्या दोन-तीन कागदांतून खालचं दिसलं. आणि मी थांबलो.

“रेघबाई, इकडे ये.”

“काय?”

“हे खिडकीच्या काचेवर धर. सगळे एकावर एक.”

तिने धरले. रंग बदलले होते, जाडी बदलली होती, अक्षरं लहान-मोठी होती, पण चौकोन तोच होता. आणि सरांच्या साऱ्या वाकड्या रेघा एकाच जागी होत्या.

“हे माझं काम आहे,” मी म्हटलं. “थरथरत्या हाताने कुठेही पेन्सिल टेकली असती तर खुणा विखुरल्या असत्या. एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात. या विखुरलेल्या नाहीत. दर गुरुवारी माणूस एकाच ठिकाणी हात नेतोय. हा थरकाप नाही गं, हे बोट दाखवणं आहे.”

ती काचेजवळ गेली. पेन्सिलीच्या एका खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “कमान आहे ही.”

“काय?”

“वाकडी रेघ नाही. कमान काढताहेत ते. कोनाची. ‘ब’पाशी.”

“‘ब’पाशी कशाला? कोन ‘अ’चा ना?”

कागद माझ्या हातात कोंबून ती संगणकाकडे गेली आणि दोन ओळी लिहिल्या, आकृतीतले कोन मोजून शेजारी छापायला सांगणाऱ्या. कागद बाहेर आला. ‘अ’पाशी चौऱ्याऐंशी अंश आणि वर थोडं. ‘ब’पाशी शहाण्णव.

जागांची अदलाबदल करताना मोठा कोन ‘ब’कडे गेला होता. आरशातल्यासारखी उलटायची होती आकृती, हिने नुसती नावं बदलली. मग कमान बाहेर आली, तेव्हा ती आत ओढण्याच्या नादात ज्या कोनावर सगळी सिद्धता उभी होती तो मोठा राहिलाय का, हे कुणी पाहिलंच नाही. लहान कोनावर ‘नव्वद किंवा जास्त’ लिहून आम्ही तो करड्या रंगाने भरलासुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नुसत्या नजरेने चौऱ्याऐंशी आणि शहाण्णव यांतला फरक मला अजूनही दिसत नाही. तो चौकोन मला चौरसच वाटतो.

“सरांना दिसला,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी. पण ती आकडे बदलत होती. ‘अ’ उजवीकडे, छेदाच्या जवळ, ‘ब’ डावीकडे लांब. क्रम तोच, ‘क-अ-ड’, कमान आपोआप आत. पुन्हा मोजून पाहिलं, ‘अ’पाशी शहाण्णव. मग तिने जाड रेघा काढून टाकल्या, लाल-निळा काढला, करडा काढला. पहिल्या दिवशी होती तशी साधी, काळी, बारीक रेघांची आकृती ठेवली. सरांचं नाव मात्र परत लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आधी पालथा पडू दे.”

मॅडमना मी जाताजाता सांगितलं. त्या दारात उभ्या राहिल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस ते तपासत होते आणि आपण त्यांनाच तपासत बसलो.” मग चष्मा लावून निघून गेल्या.

गुरुवार यायचा तेव्हा आला. काकूंनी दार उघडलं, आमच्या हातातला कागद पाहिला आणि मूग गिळून बाजूला झाल्या. सर खिडकीशी होते. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर साबणाचा एक ठिपका राहिलेला.

रेघबाईने कागद फळीवर ठेवला. पुसायचा म्हणून साबणाकडे तिचा हात गेला आणि परत आला. ती खुर्चीत बसली, झटक्याच्या दिवशी बसली होती तशी, समोर.

सरांनी पेन्सिल उचलली नाही. डाव्या हाताचं बोट आधी ‘ब’पाशी गेलं, तिथे थांबलं. मग आडव्या कडेवरून सावकाश सरकत छेदापर्यंत आलं. ठिपका नाही ना, हे पाहिलं असावं. मग पुढे ‘अ’पाशी. कमानीवरून बोट फिरलं. एकदा. परत एकदा. तिथून ‘क’, तिथून ‘ड’. मग ‘कअ’वर बोट आडवं धरून त्यांनी लांबी जोखली, तेवढंच बोट ‘कड’वर ठेवून पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओलं फडकं.

सरांनी कागद उचलला आणि डावीकडे पालथा घातला.

मला ओरडावंसं वाटत होतं. मी रेघबाईकडे पाहिलं, ती त्या कागदाच्या कोऱ्या पाठीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा अजून तसाच होता, इंजेक्शन दिल्यासारखा.

तेवढ्यात सरांचा डावा हात पुन्हा उठला. खिडकीकडे पाहत पाहत, तिच्याकडे न बघता, त्यांनी तो पुढे केला. तळवा वर. पुढचा कागद.

पुढचा कागद नव्हता. पेपरात आकृत्या दोनच होत्या.

रेघबाईने पिशवीत हात घातला, चाचपून पाहिलं, रिकामा काढला. सरांचा हात तसाच पुढे. तो वाट पाहत होता. शेवटी तिने आपला हात त्या हातात ठेवला. सरांनी मान वळवली, हाताकडे पाहिलं, तो काही तपासायची वस्तू नाही असं बहुधा ठरवलं, पण सोडला नाही.

“सर, आणते,” ती म्हणाली. “पुढच्या गुरुवारी.”

गाडीपर्यंत ती सरळ चालत गेली. दार लावलं, पट्टा लावला. मी किल्ली फिरवली तर ती म्हणाली, “थांब.”

मी थांबलो.

“आता पुढचा काय देऊ रे त्यांना?” ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.